प्रोसेसर बसला, पण चालेल का?

ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले आणि जुने संगणक बाळगणाऱ्या अनेकांना मोह पडला. सातव्या पिढीच्या आय-५ मध्ये चार कोअर होते, आठव्यात सहा. दोन्हींचं सॉकेटही एकच, एलजीए ११५१. बोर्ड तोच ठेवायचा आणि फक्त प्रोसेसर बदलायचा, असा सरळ हिशोब अनेकांनी मांडला. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसायचाही. खाचा जुळायच्या, दांडी खाली यायची, पंखे फिरायचे आणि पडदा मात्र काळाच राहायचा.

एलजीए ११५१ याचा अर्थ एवढाच की सॉकेटमध्ये ११५१ संपर्क आहेत. त्यातल्या कोणत्या संपर्कातून काय जायचं, हे त्या नावात लिहिलेलं नसतं. जास्त कोअरना जास्त वीज लागते, म्हणून इंटेलने आधी राखीव ठेवलेले काही संपर्क आठव्या पिढीत विजेसाठी वापरले आणि या प्रोसेसरसाठी ३०० मालिकेच्या चिपसेटचा बोर्ड सक्तीचा केला. १०० आणि २०० मालिकेचे बोर्ड बाद झाले. पुढे काही हौशी मंडळींनी बायोसमध्ये फेरफार करून आणि प्रोसेसरच्या ठराविक संपर्कांवर चिकटपट्टी लावून मोजक्या जुन्या बोर्डांवर हे प्रोसेसर चालवून दाखवले. पण ज्या संगणकावर घरचं काम चालतं, त्यावर करण्याचा हा उद्योग नव्हे.

एएमडीच्या एएम-४ सॉकेटची गोष्ट नेमकी उलटी. २०१७ साली पहिले रायझन आले ते याच सॉकेटवर आणि २०२० च्या अखेरीस आलेली ५००० मालिकाही याच सॉकेटवर बसली. तरी वाट सरळ नव्हतीच. मे २०२० मध्ये एएमडीने आधी जाहीर केलं की पुढची पिढी फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल. ग्राहकांनी ओरड केल्यावर त्याच महिन्यात बी-४५० आणि एक्स-४७० या चिपसेटना मुभा मिळाली. ए-३२०, बी-३५० आणि एक्स-३७० या सर्वांत जुन्या बोर्डांना अधिकृत परवानगी मिळायला २०२२ साल उजाडलं.

जे बोर्ड नव्या प्रोसेसरला चालणार नव्हते, तेच नंतर चालू लागले, कारण बदल झाला तो बायोसमध्ये. संगणक सुरू होताना सर्वांत आधी बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधला हा प्रोग्रॅम धावतो आणि प्रोसेसरला ओळखून कामाला लावतो. त्याचा गाभा एएमडी तयार करते आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या तो आपापल्या बोर्डांनुसार बसवतात. ओळखच नसेल तर प्रोसेसर सॉकेटात नुसता बसून राहतो. अनेक जुन्या बोर्डांवर ही चिप अवघ्या १६ एमबीची आहे. सगळ्या पिढ्यांची माहिती तिच्यात मावेना, तेव्हा काही कंपन्यांनी बायोसचा देखणा पडदा साधा केला, तर काहींनी सर्वांत जुन्या प्रोसेसरची ओळखच काढून टाकली. म्हणून ‘एएम-४ आहे ना, मग चालेल’ हे दुकानदाराचं उत्तर अर्धंच असतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, २०१८ साली घेतलेला एक संगणक आहे. रायझन ३ २२००जी हा चार कोअरचा प्रोसेसर, गिगाबाइटचा बी-४५० चिपसेटचा बोर्ड आणि पडदा थेट बोर्डाच्या एचडीएमआयला जोडलेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि २२००जी हा विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही. रायझन ५ ५६०० त्या यादीत आहे आणि त्याला सहा कोअर आहेत. तो या बोर्डावर चालेल का?

पहिलं काम म्हणजे बोर्डाचं पूर्ण नाव शोधणं. खोक्यावरचं किंवा बिलावरचं नाव पुरत नाही, कारण बिलावर बहुधा ‘बी-४५० बोर्ड’ एवढंच असतं. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून या दोन ओळी दिल्या की काम होतं:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select-Object Manufacturer, Product, Version
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SMBIOSBIOSVersion, ReleaseDate
```

पहिल्या ओळीतून बोर्डाचं नाव मिळतं, उदाहरणार्थ `B450M DS3H`. दुसरीतून सध्याच्या बायोसची आवृत्ती आणि तारीख कळते. आदेश द्यायचे नसतील तर `msinfo32` उघडून हीच माहिती वाचता येते. नावाच्या शेवटी `V2` सारखी जोड असेल तर ती सोडायची नाही. जोड असलेला बोर्ड वेगळा, त्याचा बायोसही वेगळा. शिवाय एकाच नावाच्या बोर्डाच्या एकाहून जास्त आवृत्त्या निघतात. गिगाबाइटच्या बोर्डावर डाव्या खालच्या कोपऱ्यात `rev : 1.0` असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. विंडोजने दाखवलेल्या आवृत्तीवर विसंबण्यापेक्षा कॅबिनेटचं झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात हा कोपरा वाचलेला बरा.

दुसरं काम, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्या बोर्डासाठी दिलेली प्रोसेसरची यादी उघडणं. ‘सीपीयू सपोर्ट’ या नावाने ती बोर्डाच्या पानावर असते. आधी आपली आवृत्ती निवडायची, मग प्रोसेसरची ओळ शोधायची. ओळीत प्रोसेसरचं नाव, वेग, वॅट असे रकाने असतात, पण खरा कामाचा रकाना शेवटचा. हा प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो, ते तिथे लिहिलेलं असतं. आपल्या संगणकाचा बायोस त्याच्यापेक्षा जुना असेल तर प्रोसेसर विकत घेण्याआधीच कळतं की बायोस बदलावा लागणार.

नाव अक्षरन् अक्षर जुळवायला हवं. ५६००, ५६००एक्स, ५६००जी आणि ५५०० या चार वेगळ्या ओळी आहेत आणि प्रत्येकीला लागणारा बायोस वेगळा असू शकतो. आपला प्रोसेसर यादीत नसेल तर शेजारचा आहे म्हणून चालेल, असा तर्क करू नये. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर चिपसेटचं नाव असणंही पुरेसं नाही. चिपसेटला परवानगी मिळाली तरी त्या विशिष्ट बोर्डासाठी बायोस काढायचा की नाही, हे बोर्डाची कंपनी ठरवते. डेल, एचपी, लेनोवो यांच्या ऑफिसमधल्या संगणकांत हा फरक फार जाणवतो. चिपसेट ओळखीचा असतो, पण बायोस त्यांचा स्वतःचा असतो आणि त्या मॉडेलसोबत विकलेल्या प्रोसेसरच्या पलीकडे तो सहसा जात नाही. असा वापरलेला संगणक स्वस्तात मिळाला तरी पुढे प्रोसेसर बदलायचा बेत असेल, तर त्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेलीच यादी पाहावी.

आपल्या उदाहरणात ५६०० यादीत सापडला आणि बायोस मात्र जुना निघाला. आता क्रम महत्त्वाचा. नवा बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच भरायचा असतो, कारण जुना बायोस नव्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. बायोसच्या पानावर प्रत्येक आवृत्तीखाली चार ओळींची टीप असते, ती वाचायलाच हवी. काही बोर्डांवर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एखादी आवृत्ती आधी भरावी लागते. तसंच, जुना प्रोसेसरही नव्या बायोसवर चालतो ना, हे बघून घ्यावं. बायोस भरल्यानंतर आणि प्रोसेसर बदलण्याआधी संगणक एकदा नीट सुरू होताना दिसला पाहिजे, म्हणजे पुढे अडलंच तर दोष कुठला ते कळतं.

फाइल एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवायची आणि बायोसमधल्याच सोयीतून भरायची. गिगाबाइटच्या बोर्डावर संगणक सुरू होताना एंड हे बटण दाबलं की ती सोय उघडते. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस नसेल तर ज्या दिवशी वीज जाण्याची शक्यता आहे त्या दिवशी हे काम काढू नये. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस भरणारं बटण मागच्या बाजूला असतं. जुना प्रोसेसर नसलेला नुसता बोर्ड कोणी विकत घेत असेल, तर हे बटण आहे का, एवढं आधी पाहावं.

यादीत नाव सापडलं आणि बायोसही भरला, तरी यादी एक गोष्ट सांगत नाही. २२००जी मध्ये चित्र दाखवणारा भाग प्रोसेसरच्या आतच होता. ५६०० मध्ये तो नाही. बोर्डावर एचडीएमआयची जागा आहे म्हणून त्यातून चित्र येतंच असं नाही, ते प्रोसेसरकडूनच यावं लागतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सगळं बरोबर करूनही पडदा काळा राहील आणि दोष बायोसवर जाईल. अशा संगणकासाठी योग्य निवड ५६००जी ची, कारण त्यात चित्राचा भाग आहे, तोही सहा कोअरचाच आहे आणि विंडोज ११ च्या यादीतही आहे. मात्र त्याची ओळ बोर्डाच्या यादीत पुन्हा वेगळी तपासावी लागते.

वीजही ध्यानात घ्यावी लागते. २२००जी, ५६०० आणि ५६००जी तिन्ही ६५ वॅटचे म्हणून नोंदलेले आहेत, त्यामुळे इथे अडचण नाही. पण हाच बेत रायझन ९ ५९५०एक्स चा असता तर गोष्ट वेगळी. तो १०५ वॅटचा म्हणवतो आणि जोरात चालताना १४२ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. यादीत नाव असलं तरी स्वस्त बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग अशा भाराने तापतो आणि मग प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो. सॉकेटच्या शेजारच्या त्या भागावर धातूचा उष्णताशोषक नसेल तर सोळा कोअरचे पैसे मोजण्याआधी थांबून विचार करावा.

प्रोसेसर काढण्याआधी विंडोजमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का, ते बघायचं. असेल तर संरक्षण तात्पुरतं स्थगित करून रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवायची. कुलपाची गुपितं अनेक रायझन संगणकांत प्रोसेसरशी बांधलेल्या सुरक्षा भागात असतात. म्हणूनच नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्याच सुरुवातीला बोर्ड बहुधा `fTPM` चा उल्लेख करून विचारतो, जुनी नोंद पुसू की ठेवू. `Y` दाबलं की पुसते, `N` दाबलं की राहते. की हाताशी असेल तर `Y` दाबायला हरकत नाही. नसेल तर `N` दाबून संगणक बंद करावा, जुना प्रोसेसर परत बसवावा आणि की मिळवून मगच पुढे जावं.