गोळी सुटली, त्रास का सुटत नाही?

समजा, पन्नाशीतल्या एक बाई सहा वर्षे रोज रात्री क्लोनाझेपामची अर्धा मिलिग्रॅमची गोळी घेत होत्या. जानेवारीत दोन आठवड्यांत गोळी बंद झाली. महिनाभरात सगळे शांत होईल, असे घरच्यांना वाटले. पण मार्चमध्येही झोप दोन-तीन तासांची, पायांना मुंग्या आणि कानात सतत गुणगुण. तपासण्या मात्र नॉर्मल.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे मेंदूतील 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवतात. गाबा म्हणजे मज्जासंस्थेचा ब्रेक. बाहेरून रोज मदत मिळू लागली की मेंदू या ब्रेकला कमी प्रतिसाद देऊ लागतो. गोळी थोड्या दिवसांत शरीराबाहेर जाते, हा बदल उलटायला मात्र वेळ लागतो. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. काहींचा महिनोन्‌महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक रेंगाळतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये या औषधांवरील इशारा कडक केला, तेव्हा याची नोंद घेतली.

मूळ चिंतारोगच परतला की काय, ही शंका साहजिक आहे. बाईंना गोळी सुरू झाली होती ती फक्त झोपेसाठी. मुंग्या आणि गुणगुण तेव्हा नव्हती. पूर्वी कधीच नसलेली लक्षणे आणि त्यांचे कमी-जास्त होणे, या दोन गोष्टी औषध सुटल्याच्या त्रासाकडे बोट दाखवतात. तरी निवाडा डॉक्टरांनीच करावा, कारण मूळ आजार परतला असेल तर त्यावर उपचार हवेत.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नात बाईंचे चार दिवस अगदी छान गेले आणि पाचव्या दिवशी सगळे परत आले. बहुतेक जण इथेच खचतात. झोप येत नाही म्हणून एखादा पेग घेणारेही असतात. दारूही गाबावरच काम करते, म्हणजे पुन्हा तेच. इतक्या महिन्यांनी जुनी गोळी परत सुरू करूनही आराम पडेलच असे नाही. आत्महत्येचे विचार येऊ लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे.

ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे 1982 पासून बारा वर्षे असे दवाखाने चालवणाऱ्या डॉ. हेदर ॲश्टन यांचा भर मुळात सावकाश डोस उतरवण्यावर होता. अनेक वर्षांची गोळी दोन आठवड्यांत बंद करणे ही घाईच. एकदम थांबवली तर फिट येण्याचाही धोका असतो.

बाईंनी वहीत रोज दोनच गोष्टी लिहिल्या: झोपेचे तास आणि त्रासाला दहापैकी गुण. रोजच्या आकड्यांवरून काही कळेना. महिन्याची सरासरी काढली तेव्हा उतार दिसला. गणपतीपर्यंत वाईट दिवस सलग दोन-तीनच येऊ लागले, मधले चांगले दिवस वाढले. मुंग्या आधी गेल्या, मग झोप पाच तासांवर आली. दिवाळीत उरली ती गुणगुण, तीही रात्री पंखा बंद केल्यावरच ऐकू येणारी.