शेवटची पिशवी कधी, पहिली पिशवी कधी?

पुण्या-मुंबईत मे महिना लागला की पहाटेच्या लाइनीवर दूध टाकणाऱ्यांचे मोबाइल सारखे वाजू लागतात. ‘काका, आम्ही गावाला चाललोय, दूध बंद ठेवा.’ ‘उद्यापासून नको.’ ‘एक आठवडा नको.’ निरोप पाठवणाऱ्याच्या मनात सगळं स्पष्ट असतं. तरीही बंद दारावरच्या पिशवीत दुधाची पाकिटं साठतात, नाहीतर गावाहून परतलेलं कुटुंब सकाळी चहासाठी शेजाऱ्यांकडे भांडं घेऊन जातं. महिनाअखेरीला खाड्यांवरून वादही होतात. यातल्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ त्या दोन ओळींच्या निरोपातच असतं.

निरोप पाठवल्यानंतर तो कुठून कुठे जातो, हे आधी पाहायला हवं. पाकिटबंद दुधाचा एजंट दुसऱ्या दिवशी किती माल लागेल, ते वितरकाला किंवा डेअरीला आदल्या दिवशीच कळवतो. ही मागणी साधारण दुपारी किंवा संध्याकाळी नोंदवली जाते. रात्री गाड्या भरल्या जातात आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास क्रेट ठरलेल्या नाक्यावर उतरतात. तिथून पोरं सायकलवर किंवा दुचाकीवर माल लावून इमारती चढू लागतात. उतरवून घेतलेला माल डेअरी सहसा परत घेत नाही. म्हणून रात्री दहाला आलेला ‘उद्या नको’ एजंटाला फारसा उपयोगी पडत नाही. त्याच्या हिशेबी तुमचं दूध केव्हाच निघालेलं असतं. लिटरमागे त्याला सुटतात ते थोडे रुपये. अशी पाच-सहा घरं एकाच रात्री थांबली, तर उरलेली पाकिटं दिवस वर चढण्याआधी कुणाला तरी विकण्यासाठी त्याला धावपळ करावी लागते.

सुटं दूध घालणाऱ्या गवळ्याची अडचण वेगळी असते. म्हैस काही सुट्टी घेत नाही. दारावर न गेलेलं दूध त्याला हलवायाला किंवा डेअरीला घालावं लागतं आणि तिथे भाव कमी मिळतो. दिवाळीत आणि मे महिन्यात एकाच आठवड्यात बरीच घरं बंद होतात. त्याला तीन-चार दिवस आधी कळलं, तर तो आधीच गिऱ्हाईक ठरवून ठेवू शकतो. पाकिटाच्या दुधासाठी आदल्या दिवशीची सकाळ पुरते. गवळ्याला मात्र शक्य तितकं लवकर सांगितलेलं बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे निरोप वाचणारा माणूस आणि दाराशी येणारा माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात. फोन शेठकडे असतो. शेठ वहीत किंवा यादीत खूण करतो आणि पोरगा ती यादी पाहून, अनेकदा नुसती ऐकून, जिने चढतो. शेठकडे शंभर-दीडशे घरं असतील, तर त्याच्या फोनमध्ये नावं ‘बी विंग ४०२’ अशीच साठवलेली असतात. नोंद नवऱ्याच्या नंबरावर असते आणि निरोप बायकोच्या नंबरावरून जातो. मग प्रोफाइलवरचा बाळाचा फोटो पाहून हे घर कोणतं, हे शेठला कसं कळणार? त्यामुळे इमारतीचं नाव, फ्लॅट क्रमांक आणि रोजचं माप हे दरवेळी नव्यानं लिहावं, ओळख कितीही जुनी असली तरी.

आता तारखांकडे वळू. निरोप इथेच सगळ्यात जास्त फसतो. ‘उद्यापासून नको’ हे रात्री साडेअकराला लिहिलं जातं, पण दूधवाला ते पहाटे साडेतीनला उठल्यावर वाचतो. तोवर तारीख बदललेली असते आणि त्याचा ‘उद्या’ तुमच्या ‘परवा’वर गेलेला असतो. ‘१७ ते २३ गावाला आहोत’ या निरोपात २३ तारखेला सकाळी दूध हवंय की नकोय, हे दोन माणसं दोन तऱ्हांनी समजू शकतात. ‘सोमवारपर्यंत बंद’ यातही तोच गोंधळ होतो. ‘आठवडाभर’ म्हटलं की कुणी सात दिवस धरतो, कुणी पुढच्या रविवारपर्यंत.

यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे प्रवासाच्या तारखा सांगायच्याच नाहीत. आपण कधी निघतो आणि कधी पोचतो, याच्याशी दूधवाल्याला कर्तव्य नसतं. त्याला हवं असतं ते शेवटचं दूध कोणत्या सकाळी टाकायचं आणि पहिलं पुन्हा कोणत्या सकाळी टाकायचं, एवढंच.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडचं एक चौघांचं कुटुंब दापोलीला निघालं आहे. शनिवार, १७ मे २०२५ रोजी पहाटे साडेपाचला गाडी निघणार आणि गुरुवारी, २२ मे रोजी रात्री दहापर्यंत घरी परतणार. रोजचा रतीब एक लिटरचा. शनिवारी दूध येईपर्यंत घराला कुलूप लागलेलं असेल, म्हणून शेवटचं दूध शुक्रवारचं. गुरुवारी रात्री मंडळी घरी पोचली, की शुक्रवारच्या चहाला दूध लागणार. मधले दिवस १७, १८, १९, २०, २१ आणि २२, म्हणजे सहा खाडे. हा निरोप गुरुवारी, १५ मे रोजी सकाळी असा जाईल:

‘नमस्कार काका. बी विंग, फ्लॅट ४०२. रोजचं गाईचं १ लिटर (अर्ध्या लिटरच्या २ पिशव्या). शेवटचं दूध शुक्रवार, १६ मे सकाळी. शनिवार १७ मे ते गुरुवार २२ मे, दोन्ही दिवस धरून, दूध टाकू नका. शुक्रवार, २३ मे सकाळपासून पुन्हा रोज १ लिटर. एकूण ६ खाडे. यादीत नोंद झाली की कळवा.’

तारखेसोबत वार लिहिला, की चूक आपोआप उघडी पडते. कुणी चुकून ‘शुक्रवार, २२ मे’ लिहिलं, तर समोरचा विचारतोच की नेमका वार खरा की तारीख. खाड्यांचा आकडाही त्याच कामाचा आहे. सहाऐवजी पाच किंवा सात दिवस मोजले गेले असतील, तर ते त्याच क्षणी कळतं, महिनाअखेरीला बिल आल्यावर नाही. लिटरचा भाव ६० रुपये धरला, तर एकतीस दिवसांच्या मे महिन्यातले सहा दिवस वजा होऊन पंचवीस लिटरचे १,५०० रुपये होतात. घरातल्या दिनदर्शिकेवर त्या सहा चौकटींत फुल्या मारून ठेवल्या, तर हिशेब दोन्हीकडे सारखा राहतो. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं. दोन निळ्या खुणा म्हणजे निरोप उघडला गेला, एवढंच. तो यादीत उतरला की नाही, हे त्या खुणांवरून कळत नाही. ‘हो, लिहिलं’ असं उत्तर आलं, की काम झालं.

दूध बंद करण्यापेक्षा पुन्हा सुरू करताना जास्त चुका होतात. बंद करण्याचा निरोप ताजा असतो. सुरू करण्याची तारीख मात्र आठवडाभर जुन्या निरोपात दडलेली असते आणि तोवर त्यावर दुसऱ्या दीडशे घरांचे निरोप येऊन पडलेले असतात. जिने चढणाऱ्या पोरालाही ते दार सोडून पुढे जायची सवय झालेली असते. म्हणून आदल्या दिवशी सकाळी, एजंट मागणी नोंदवण्याच्या आत, एक छोटी आठवण पाठवावी: ‘बी विंग ४०२. शुक्रवार, २३ मे सकाळपासून १ लिटर सुरू.’ इथेही ‘उद्या’ लिहायचा मोह टाळावा. परतीचं ठरलेलं बदललं, तर तेही याच वेळेपर्यंत कळवता येतं. परतीचा दिवसच नक्की नसेल, तर अंदाजाची तारीख देऊ नये. ‘आम्ही कळवल्याशिवाय सुरू करू नका’ असं स्पष्ट लिहावं आणि मग कळवायला विसरू नये.

आजी घरीच राहणार असतील, तर दूध बंद न करता अर्धा लिटर करायचं असतं. त्या वेळी ‘कमी करा’ एवढ्यानं भागत नाही. किती करायचं आणि पुन्हा पूर्ववत कधी करायचं, हे दोन्ही लिहावं लागतं. आणखी एक काळजी घ्यायला हवी. हा निरोप दूधवाल्याच्या वैयक्तिक नंबरावरच पाठवावा. सोसायटीच्या मोठ्या गटावर तो टाकला, की घर कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत रिकामं आहे, हे सगळ्यांना कळतं. दारावर साठलेली पाकिटंही तेच सांगत असतात.

डब्याच्या बाबतीत हिशेब दिवसांचा नसून जेवणांचा असतो. सदाशिव पेठेत राहणारा लातूरचा एक विद्यार्थी २०२५च्या गणपतीला घरी निघाला, असं धरू. बस सोमवारी, २५ ऑगस्टला संध्याकाळची, आणि परत येणं सोमवारी, १ सप्टेंबरला दुपारनंतर. त्याचा शेवटचा डबा २५ ऑगस्टच्या दुपारचा आणि पहिला डबा १ सप्टेंबरच्या रात्रीचा. मधली जेवणं मोजू. २५च्या रात्रीचं एक, मंगळवार ते शनिवार रोज दोन याप्रमाणे दहा, आणि ३१ तारखेला रविवारी दुपारचं एक. पुण्यात बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात, त्यामुळे ते जेवण मोजायचंच नाही. १ तारखेच्या दुपारचं मात्र धरायला हवं. अशी तेरा जेवणं होतात. ‘आठ दिवस नाहीये, मावशी’ असं सांगितलं, तर हा तेराचा आकडा कुणालाच कळला नसता.

डबा देणाऱ्या मावशींना लवकर कळायला हवं, कारण तिथेही काम आदल्या दिवशीच सुरू होतं. उसळीची मटकी भिजवून मोड आणायला दीड-दोन दिवस लागतात. भाजी आदल्या संध्याकाळी आणली जाते आणि पोळ्यांची कणीक डबे मोजून मळली जाते. सकाळी नऊला ‘आज नको’ म्हटलं, तर ते जेवण तयार झालेलंच असतं आणि त्याचे पैसे लागणं रास्त आहे. बऱ्याच मेसमध्ये दोन-तीन दिवसांपेक्षा कमी सुट्टी वजा होत नाही. झाली तरी रोख परत मिळण्याऐवजी तेवढी जेवणं पुढच्या महिन्यात वाढवून मिळतात. हा नियम निघण्याआधी विचारून घ्यावा आणि निरोपात ‘१३ जेवणं पुढे धरावीत’ असं लिहावं.

डब्याची एक अडचण दुधाला नसते, ती म्हणजे रिकामा डबा. एका गिऱ्हाइकामागे सहसा दोन डबे फिरतात. भरलेला येतो तेव्हा आधीचा रिकामा परत जातो. शेवटचा डबा खोलीत कुलपाआड राहिला, तर मेसचा एक संच आठवडाभर अडकतो आणि आत उरलेलं वरण आंबून जातं ते वेगळंच. म्हणून शेवटचा डबा धुऊन मेसवर पोचवावा, किंवा खालच्या रखवालदाराकडे ठेवून तसं निरोपात लिहावं.

मुंबईत घरचं जेवण डबेवाल्याकडून ऑफिसात जात असेल, तर निरोप दोन ठिकाणी जायला हवा. स्वयंपाक करणाऱ्याला सांगितलं आणि डबेवाल्याला नाही, तर तो दाराशी येऊन थांबतो, आणि पुढची लोकल गाठण्यासाठी त्याला मिनिटं मोजून मिळतात. हे डबेवाले स्वतः दरवर्षी चैत्रात ग्रामदैवतांच्या यात्रेसाठी मुळशी, मावळ, राजगुरुनगर, जुन्नर या भागांतल्या गावी जातात आणि पाच-सहा दिवस डबे बंद ठेवतात. त्यांची संघटना सेवा कोणत्या तारखेपासून बंद आणि कोणत्या तारखेला पुन्हा सुरू, हे आधीच वर्तमानपत्रांतून जाहीर करते. त्याच निवेदनात या दिवसांचा पगार कापू नये, अशी विनंतीही ग्राहकांना केलेली असते.