बेरजेआड दडलेला माल

कंपनीच्या ताळेबंदात ‘इन्व्हेंटरीज’ या शब्दापुढे एकच आकडा असतो. बहुतेक भागधारक तो पाहून पुढे जातात. खरी माहिती त्या आकड्याशेजारी दिलेल्या टीप-क्रमांकात असते. अहवालाच्या मागच्या पानांवर ती टीप काढली की साठ्याची फोड दिसते: कच्चा माल, प्रक्रियेतला म्हणजे अर्धवट तयार माल, आणि विक्रीला सज्ज असलेला तयार माल. शेजारी मागच्या वर्षाचे आकडेही असतात.

शेतीपंप बनवणारी एक कल्पित कंपनी घेऊ. मागच्या 31 मार्चला तिचा साठा 90 कोटींचा होता, यंदा 108 कोटींचा आहे. वाढ वीस टक्के. व्यवसाय वाढतो आहे, असे म्हणून ती सोडून देता येईल. पण फोड पाहा. कच्चा माल 40 कोटींवरून 28 वर आला. अर्धवट माल 20 चा 22 झाला. तयार पंप मात्र 30 कोटींवरून 58 कोटींवर गेले. विकलेल्या मालाचा उत्पादनखर्च वर्षभरात 360 कोटींवरून 378 कोटींवर गेला, म्हणजे फक्त पाच टक्के वाढ. तयार मालाला या खर्चाने भागून 365 ने गुणले, तर मागच्या वर्षी महिनाभर पुरेल एवढे पंप गोदामात होते आणि आता 56 दिवसांचे आहेत.

मला यात जास्त बोलका वाटतो तो कमी झालेला कच्चा माल. तांब्याची तार आणि ओतीव लोखंड मागवणाऱ्या खरेदी विभागाने हात आखडता घेतला आहे. विक्री मंदावल्याचे कारखान्यातल्या लोकांना बहुधा कळले आहे, आणि येत्या काही महिन्यांत उत्पादन कमी होणार. अध्यक्षांच्या निवेदनात मागणीबद्दल उत्साह असेल आणि टिपेत हे चित्र असेल, तर मी टिपेवर विश्वास ठेवीन.

अशा वर्षात नफा चांगलाही दिसू शकतो. कारखान्याचा घसारा, पर्यवेक्षकांचे पगार असा स्थिर खर्च 60 कोटी धरा. एक लाख पंप बनले तर प्रत्येकाच्या किमतीत त्याचे 6,000 रुपये येतात. त्यातले 90,000 च विकले गेले, तर उरलेल्या 10,000 पंपांसोबत 6 कोटींचा खर्च साठ्यात जाऊन बसतो आणि यंदाच्या नफ्यातून वजा होत नाही. मुळात 90,000 च बनवले असते, तर पूर्ण 60 कोटी यंदाच सोसावे लागले असते. हिशेबाचे मानक, इंड एएस 2, स्थिर खर्च सर्वसाधारण उत्पादनक्षमतेच्या आधारे वाटायला सांगते, त्यामुळे या वाटेला मर्यादा आहे. पण ती बंद होत नाही. पुढे पंप लागतीपेक्षा कमी भावात काढावे लागणार असे दिसले, की साठ्याची किंमत उतरवावी लागते आणि तो फटका एकदम बसतो. अशी किती रक्कम उतरवली, तेही टिपेत द्यावे लागते.

प्रत्येक वाढ धोक्याची नसते. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याचे गोदाम 31 मार्चला साखरेच्या पोत्यांनी भरलेलेच असणार, कारण गाळप हंगाम तेव्हा संपत आलेला असतो. तिथे तुलना मागच्या मार्चशीच करायची. अर्धवट माल फुगला असेल, तर मोठी यंत्रसामग्री बनवणाऱ्याकडे ती चालू ऑर्डर असू शकते किंवा एखाद्या सुट्या भागावाचून अडकलेले काम.

कच्चा माल वाढला की कंपनीला ऑर्डरींची खात्री आहे, असे सहसा समजतात. अमेरिकेच्या सिस्कोचा अनुभव इथे लक्षात ठेवावा. जुलै 2000 ते जानेवारी 2001 या सहा महिन्यांत तिचा साठा सुमारे 1.2 अब्ज डॉलरवरून 2.5 अब्जांवर गेला. सुट्या भागांची टंचाई होती म्हणून कंपनीने ते आधीच भरून ठेवले होते आणि पुढच्या खरेदीचे करारही केले होते. दूरसंचार कंपन्यांची मागणी अचानक आटली आणि पुढच्याच तिमाहीत सिस्कोला जादा साठ्यापोटी सुमारे 2.25 अब्ज डॉलरचा खर्च दाखवावा लागला. त्यात मोठा वाटा कच्च्या मालाचा होता. कच्च्या मालाचा आकडा व्यवस्थापनाचा अंदाज सांगतो. तो अंदाज बरोबर आहे की नाही, हे सांगत नाही.

ही टीप सविस्तर मिळते ती वर्षातून एकदा. मधल्या काळात तिमाही निकालातली एक ओळ उपयोगी पडते: तयार माल, प्रक्रियेतला माल आणि विक्रीसाठी विकत घेतलेला माल यांच्या साठ्यातला बदल. ती खर्चाच्या बाजूला असते, म्हणून तिथला आकडा कंसात किंवा उणे असेल तर साठा वाढला असे समजायचे. आपल्या पंप कंपनीत वर्षाअखेर तिथे कंसात 30 कोटी दिसतील; कच्च्या मालातली घट त्या ओळीत येत नाही. विक्री जागच्या जागी आणि कंस सलग दोन-तीन तिमाही, असे दिसले तर वार्षिक सभेत नेमके विचारावे: कोणता माल पडून आहे, किती महिन्यांपासून, आणि तो कंपनीच्या गोदामात आहे की डेपोंमध्ये.