सबब, विनंती की…

विधी महाविद्यालयातलं मूट कोर्ट म्हणजे अभिरूप न्यायालय. पक्षकार काल्पनिक असतात, कायदा मात्र खरा. बार कौन्सिलच्या नियमावलीत वर्षाला किमान तीन मूट आणि प्रत्येकाला दहा गुण असा हिशेब आहे. पाच लेखी निवेदनाचे, पाच तोंडी युक्तिवादाचे. विद्यार्थी महिनाभर निवाडे शोधतात, मेमोरियल बांधून घेतात, काळा कोट उसना आणतात. मग शेवटची दोन मिनिटं उरल्याची पाटी समोर येते आणि मेमोरियलच्या शेवटच्या पानावरचा परिच्छेद एका दमात वाचून मुलगा खाली बसतो. न्यायाधीशांच्या खुर्चीत बसलेल्या वकिलाला ‘याला नेमकं हवं काय होतं?’ असा प्रश्न पडलेलाच असतो.

समारोपाचं भाषण शेवटी बोलायचं असलं तरी ते आधी लिहावं, आणि त्यातही मागणी सर्वांत आधी. हे कसं करायचं ते एका नेहमीच्या मूट प्रश्नावरून पाहू.

काल्पनिक शहर, काल्पनिक महानगरपालिका. एक बाई स्टेशनजवळच्या रस्त्यावर १२ वर्षं हातगाडीवर भाजी विकते. एका सकाळी अतिक्रमणविरोधी पथक येतं, गाडी आणि माल उचलून नेतं. नोटीस नाही, पंचनामा नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात आदेश पडतो : विक्री प्रमाणपत्र नसल्यामुळे या जागी बसण्यास मनाई. शहरात फेरीवाल्यांचं सर्वेक्षण अजून पूर्ण झालेलं नाही. बाई अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात येते.

पहिल्या मसुद्यात मुलं सहा-सात मागण्या लिहितात. उपजीविकेचा हक्क मूलभूत असल्याचं जाहीर करा, महापालिकेचा आदेश रद्द करा, पाच लाख भरपाई द्या, अधिकाऱ्यांची चौकशी करा, शहरभर फेरीवाला क्षेत्रं आखा, आणि न्यायालयाला योग्य वाटेल तो इतर हुकूम करा. या प्रत्येक मागणीला ‘कशाच्या आधारावर?’ हा प्रश्न विचारावा. पाच लाखांचा आकडा कुठून आला, ते मूट प्रश्नात नाही. चौकशीसाठी अधिकारी पक्षकार असायला हवेत, ते नाहीत. फेरीवाला क्षेत्रं आखणं हे धोरणाचं काम. एका बाईच्या याचिकेवर ते कुणी करणार नाही. शेवटची ‘इतर हुकूम’ची ओळ रिवाज म्हणून मेमोरियलमध्ये राहू द्यावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ७ नुसार दाव्यात ती मागावीही लागत नाही, कारण न्यायालयाला तो अधिकार असतोच. तोंडी भाषणात तिच्यावर वेळ घालवू नये.

उरली पहिली मागणी, उपजीविकेच्या हक्काची. ही मुलांची लाडकी, कारण तिच्यामागे ओल्गा टेलिस खटला उभा असतो. १९८१च्या पावसाळ्यात मुंबईतल्या पदपथांवरच्या झोपड्या हटवण्याची घोषणा झाली, त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला : जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. बहुतेक विद्यार्थी एवढं सांगून थांबतात. पण त्याच निकालात विनानोटीस अतिक्रमण हटवण्याची मुभा देणारं महापालिका कायद्याचं कलम ३१४ वैध ठरलं. एरवी झोपडीवाल्यांना म्हणणं मांडायची संधी द्यायला सांगितलं असतं, पण ती या न्यायालयात मिळालीच आहे, असं म्हणून न्यायालयाने झोपड्या हटवायला मोकळीक दिली. फक्त ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबायला सांगितलं. जुन्या जनगणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा मिळावी अशी सोय केली. तत्त्व जिंकलं, झोपड्या हटवण्याविरुद्धची मागणी फेटाळली गेली. मुरलेला न्यायाधीश नेमकं हेच विचारतो : ‘तुम्ही दाखवलेल्या खटल्यात याचिकाकर्त्यांना जागा सोडावी लागली. तुमच्या अशीलालाही तसंच सांगू का?’ समारोपात या निवाड्यावर सगळा भार टाकणारा मुलगा इथे अडकतो.

म्हणून भार टाकायचा तो २०१४च्या पथविक्रेता कायद्यावर. त्याच्या कलम ३(३)ने सांगितलंय की सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्या पथविक्रेत्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही हटवता किंवा हलवता येणार नाही. कलम १८नुसार हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीस लागते, आणि कलम १९नुसार नोटीस देऊनही जागा सोडली नाही तरच मालाला हात लावता येतो. त्यातही मालाची यादी करून प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. ‘तिच्याकडे प्रमाणपत्र नाही’ हा महापालिकेचा सगळ्यात जोरकस मुद्दा. कलम ३(३) वाचलं की तो तिच्यावरच उलटतो, कारण प्रमाणपत्र देण्याआधीची पायरी महापालिकेनेच पूर्ण केलेली नाही.

आता मागणी एका वाक्यात बसते. समारोपाचं भाषण साधारण असं होईल :

‘सन्माननीय न्यायमूर्ती महोदय, या प्रकरणात तीन गोष्टींवर वाद नाही. सर्वेक्षण पूर्ण नाही. नोटीस दिली नाही. माल पहिल्याच दिवशी उचलला. महापालिकेचं म्हणणं एकच आहे, की प्रमाणपत्र नाही. कलम ३(३) नेमकं अशाच विक्रेत्यासाठी आहे, जिला प्रमाणपत्र मिळण्याची संधीच अजून आलेली नाही. रस्ता मोकळा ठेवण्याचा महापालिकेचा अधिकार याचिकाकर्ती नाकारत नाही. तो वापरण्याचा क्रम संसदेने ठरवला आहे, आणि महापालिकेने तो उलटा केला. याचिकाकर्ती ती जागा कायमची मागत नाही. सबब, नम्र विनंती की, महापालिकेचा मनाई आदेश रद्द करावा, हातगाडी परत देण्याचा निर्देश द्यावा, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत याचिकाकर्तीला त्या जागेवरून हटवू नये.’

सावकाश बोललं तरी हे दीड मिनिटाच्या आत होतं. क्रियापदं तीन दिसतात, पण मागणी एकच आहे : कायद्यातला क्रम पाळला जाईपर्यंत ती जिथे होती तिथे तिला राहू द्या. उपजीविकेचा हक्क भाषणात आलाच नाही, याची रुखरुख वाटायचं कारण नाही. तो मुख्य युक्तिवादात, कलम ३(३)चा अर्थ विक्रेत्याच्या बाजूने का लावायचा हे सांगताना, येऊन गेलेला असतो. समारोपात नवा मुद्दा काढला तर न्यायाधीश तिथेच थांबवतात, आणि प्रतिपक्षाला तक्रारीची जागा मिळते.

‘कायमची मागत नाही’ हे वाक्य विद्यार्थ्यांना माघार वाटतं आणि ते खोडतात. माझ्या मते भाषणातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच. न्यायाधीशांना या बाईची भीती नसते. हिला दिलं तर उद्या किती जण येतील, ही भीती असते. मर्यादा स्वतःच आखून दिली की ती निम्म्याने कमी होते. पाटी खाली जाता जाता ‘मग ती तिथे आयुष्यभर बसणार का?’ असा प्रश्न आलाच, तर उत्तर तयार असतं : नाही, प्रमाणपत्रं मिळेपर्यंतच, आणि त्यानंतर प्रमाणपत्रात जी जागा असेल तिथे.

मूटची तयारी करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करून पाहावी. स्वतःची मागणी न्यायालयाच्या आदेशाच्या भाषेत पुन्हा लिहा : ‘आदेश रद्द. हातगाडी परत द्यावी.’ तो कागद महापालिकेच्या कारकुनाच्या टेबलावर गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काय करायचं, हे त्यातून कळतं का ते पाहा. कळत नसेल, तर भाषणावर मेहनत घेण्याआधी मागणी बदला.