सीमारेषेवरचं बी-१२

सेनगावातल्या चोपन्न वर्षांच्या एका बाईंची कल्पना करा. माळकरी घर, मांस-मच्छी-अंडं वर्ज्य, दूध चहापुरतं. आठ वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन. तळपायांना रात्री मुंग्या येतात. हिमोग्लोबिन ११.२, तांबड्या पेशींचा आकार नेहमीसारखा. बी-१२ आलं २२८ पिकोग्रॅम. कागदावर ते 'नॉर्मल'च्या रकान्यात बसतं, कारण बहुतेक प्रयोगशाळांची खालची रेघ २००च्या आसपास असते. पण २०० ते ३०० हा पट्टा संशयाचाच. रक्तातल्या बी-१२चा मोठा भाग, साधारण चार पंचमांश, ज्या प्रथिनाला चिकटलेला असतो, ते प्रथिन तो बहुतेक पेशींना देतच नाही. तपासणी मात्र सगळं एकत्र मोजते. पेशी मोठ्या झाल्या नाहीत यावरही विसंबू नये, कारण सोबत लोहाची कमतरता असली की आकार समतोल दिसतो.

या रेषेचं अपुरेपण पुण्यात आकड्यांनिशी दिसलं. नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सम आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने २००१ साली २०४ स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बी-१२ कमी (सुमारे २०० पिकोग्रॅमखाली) निघालेले होते ४७ टक्के. पण मिथाइलमॅलोनिक आम्ल, म्हणजे एमएमए, वाढलेलं होतं ७३ टक्क्यांमध्ये आणि होमोसिस्टीन ७७ टक्क्यांमध्ये. म्हणजे पातळी रेघेच्या वर असलेल्या पुष्कळांच्या पेशी आतून उपाशी होत्या. अर्थात एमएमए वाढलेला प्रत्येक जण आजारी असतो, असंही नाही.

बी-१२ शरीरात दोन कामांना लागतं. एका कामात फोलेटच्या साथीने होमोसिस्टीनचं मिथिओनिन होतं. दुसऱ्यात फोलेटचा संबंध नसतो, आणि ते अडलं की एमएमए साचतं. म्हणून होमोसिस्टीन बी-१२च्या कमतरतेने वाढतं, फोलेटच्या कमतरतेनेही वाढतं, थायरॉइड मंद असली तरी वाढतं. एमएमए त्या मानाने एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं, फक्त मूत्रपिंड धड असलं पाहिजे, कारण ते थकलं की दोन्ही आकडे चढतात.

सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी होमोसिस्टीनची आणखी एक अडचण आहे, आणि मला ती पुस्तकातल्या कुठल्याही कारणापेक्षा मोठी वाटते: वाट. रक्त नळीत तसंच राहिलं तर तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. खोलीच्या तापमानात आकडा तासाला साधारण दहा टक्के फुगतो. आपल्या बाईंचं रक्त सकाळी घेतलं, नळी तशीच ठेवली, दुपारी गाडीने हिंगोलीला गेली आणि तिथे सहा तासांनंतर ती फिरवली गेली. अहवाल आला ३४. त्यातलं शरीरातलं किती आणि नळीतलं किती, हे उलट गणित मांडून सांगता येत नाही. नमुना पुन्हा घ्यायचा, बर्फावर ठेवायचा आणि तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम किंवा प्लाझ्मा वेगळा करायचा. या वेळी आलं २१. पंधराच्या वर आहेच, पण कथा ३४ इतकी भयंकर नाही.

एमएमए या बाबतीत पुष्कळ खंबीर. नळीतल्या विलंबाने ते असं फुगत नाही. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, म्हणून नमुना मोठ्या शहराकडे जातो, पैसे आणि दिवस दोन्ही जातात. बाईंचं आलं ०.५८ मायक्रोमोल, पुण्याच्या अभ्यासातली मर्यादा ०.२६ होती. क्रिएटिनिन ०.८, म्हणजे मूत्रपिंडावर संशय नाही. आहार आणि मेटफॉर्मिन ही दोन्ही कारणं समोर आहेत. निष्कर्ष: २२८ असूनही बी-१२ची खरी कमतरता. क्रिएटिनिन १.९ आणि एमएमए ०.४ असतं, तर आकड्याने काहीच ठरलं नसतं. तेव्हा बी-१२ देऊन काही आठवड्यांनी एमएमए पुन्हा मोजायचं; ते ठळक उतरलं तर कमतरता होती, जागीच राहिलं तर दोष बहुधा मूत्रपिंडाचा.

यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रमात. अशक्तपणा म्हणून लाल इंजेक्शन आधी टोचलं जातं आणि मग तपासणी सुचते. एका इंजेक्शननंतर बी-१२ची पातळी हजाराच्या पुढे जाऊ शकते, आणि एमएमए-होमोसिस्टीन आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतात. मागचं काही वाचता येत नाही. दुसरा घोळ नुसत्या फोलिक अॅसिडच्या गोळीचा. तिने होमोसिस्टीन काहीसं उतरतं, रक्तही सुधारतं. एमएमए जागेवर राहतं आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

म्हणून माझं मत असं: नमुना आधी घ्यावा, पण मुंग्या किंवा चालण्यात तोल जाणं असेल, तर एमएमएच्या अहवालासाठी उपचार अडवू नये. जिथे शाकाहारी आहार आणि मेटफॉर्मिन एकत्र आहेत, तिथे २२८ला मी कमतरताच धरीन. एमएमए मागवावं ते चित्र जुळत नसेल तेव्हा: लक्षणं ठळक पण पातळी ४०० असेल (पर्निशस अॅनिमियातली प्रतिपिंडं कधी कधी चाचणीलाच फसवतात), किंवा मुंग्यांना दुसरं कारण शक्य असेल. बाईंच्या बाबतीत तसं कारण आहेच. उपचारानंतर एमएमए ०.२वर आलं आणि मुंग्या तरीही राहिल्या, तर उरलेल्या मुंग्या मधुमेहाच्या, किंवा आधीच झालेल्या हानीच्या. इंजेक्शनं वाढवून त्या जाणार नाहीत. साखरेकडे वळायला हवं.