ट्रान्झिस्टरचा कार्यबिंदू जागेवर कसा राहतो?

बीसी ५४७बी या क्रमांकाचे दोन ट्रान्झिस्टर एकाच पाकिटातून घेतले आणि एकाच प्रवर्धकात आळीपाळीने बसवले, तर पहिल्याने आवाज स्वच्छ यावा आणि दुसऱ्याने घोगरा, असे होऊ शकते. शिक्षकांच्या एका कार्यशाळेत हे घडले तेव्हा दुसरा ट्रान्झिस्टर खराब ठरवून बाजूला टाकण्यात आला होता. आम्ही तो तपासला. त्यात काहीच दोष नव्हता; दोष मंडलाच्या जुळणीत होता.

मंडल साधे होते. १२ व्होल्टचा पुरवठा, कलेक्टरला ५.६ किलोओहमचा रोध, एमिटर थेट ऋण तारेला आणि बेसला धन तारेपासून २.२ मेगओहमचा एकच रोध. बेस आणि एमिटर यांच्यात सुमारे ०.६५ व्होल्ट विभवांतर राहते. उरलेले ११.३५ व्होल्ट त्या मोठ्या रोधावर पडतात, म्हणून बेसमध्ये सुमारे ५.२ मायक्रोअँपिअर धारा जाते. ट्रान्झिस्टर कोणताही बसवा, ही धारा जवळपास तेवढीच. कलेक्टरची धारा मात्र तिच्या बीटापट असते. बीटा २०० असेल तर ती १ मिलिअँपिअरच्या आसपास येते आणि कलेक्टरवर ६ व्होल्ट उरतात. संकेताला वर आणि खाली, दोन्हीकडे हलायला जागा मिळते. बीटा ४०० असेल तर धारा दुप्पट होते, जवळजवळ सगळे १२ व्होल्ट कलेक्टरच्या रोधावरच खर्च होतात आणि कलेक्टरवर अर्धा व्होल्टसुद्धा उरत नाही. मग संकेताची खालची बाजू छाटली जाते. तोच घोगरेपणा. बी गटासाठी उत्पादक बीटाची व्याप्ती २०० ते ४५० अशी देतात, तेव्हा हे दोन्ही नग निर्दोषच म्हणायचे. शिवाय बीटा तापमानाबरोबर वाढतो, म्हणजे जानेवारीत जुळवलेले मंडल मे महिन्यात बिघडू शकते.

आता बीटावर विसंबणेच सोडून देऊ. धन तारेपासून बेसपर्यंत ५६ किलोओहम, बेसपासून ऋण तारेपर्यंत १० किलोओहम आणि एमिटरच्या वाटेत १ किलोओहम असे रोध जोडू. पहिल्या दोन रोधांचा विभाजक बेसवर १२ × १०/६६, म्हणजे १.८२ व्होल्ट धरून ठेवतो. त्यातून ०.६५ वजा केले की एमिटरच्या रोधावर साधारण १.१ व्होल्ट येतात आणि १ किलोओहममधून सुमारे १.१ मिलिअँपिअर धारा वाहते. या हिशेबात बीटा कुठेच आला नाही. नेमके गणित केले तर बीटा २०० असताना १.१२ आणि ४०० असताना १.१४ मिलिअँपिअर मिळतात. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा.

याचे श्रेय कधीकधी विभाजकालाच दिले जाते. आमच्या मते खरी दुरुस्ती एमिटरचा रोध करतो. धारा वाढू लागली की त्याच्यावरचा विभव वाढतो. बेस जागचा हलत नाही, म्हणून बेस-एमिटरमधले अंतर कमी होते आणि धारा मागे ओढली जाते. तापमान एक अंशाने वाढले की त्याच धारेसाठी लागणारे बेस-एमिटर विभवांतर सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. वीस अंशांत ४० मिलिव्होल्ट झाले. एमिटरवर १.१ व्होल्ट असतील तर धारा तीन-चार टक्केच वाढेल, ०.१ व्होल्टच ठेवले असते तर ती जवळजवळ ४० टक्के वाढली असती. म्हणून एमिटरवर निदान एक व्होल्ट ठेवावा.

बेस जागचा हलत नाही असे म्हटले, पण त्यालाही अट आहे. विभाजकातून वाहणारी धारा बेसच्या धारेच्या निदान दहापट हवी. आपल्या मंडलात ती ०.१८ मिलिअँपिअर, म्हणजे तीसपटीहून अधिक आहे. वीज वाचवायची म्हणून कोणी ५६० आणि १०० किलोओहम घातले, तर गुणोत्तर तेच राहील, पण बेसची धारा विभाजकाला खाली ओढेल. ओळखायची रीत सोपी आहे. ट्रान्झिस्टर काढून डिजिटल मल्टिमीटरने विभाजकाचा विभव मोजावा, मग ट्रान्झिस्टर बसवून पुन्हा मोजावा. बीटा २०० असताना पहिल्या जोडीत १.८२ चे १.७७ होतात, दुसऱ्या जोडीत ते १.५ च्याही खाली येतात, आणि दोन ट्रान्झिस्टरांच्या धारेतला फरक दोनऐवजी अठरा टक्क्यांवर जातो.

एमिटरचा रोध मात्र फुकट मिळत नाही. तो संकेतालाही मागे ओढतो आणि प्रवर्धन ५.६ ÷ १, म्हणजे साडेपाचपटीच्या आसपास उतरते. त्यावर उपाय म्हणून त्या रोधाला समांतर १०० मायक्रोफॅरडचा धारित्र जोडतात. त्याचे धन टोक एमिटरकडे. बदलता संकेत धारित्रातून निघून जातो, स्थिर धारेला रोधातूनच जावे लागते. प्रवर्धन दोनशेपटीच्या वर जाते, कार्यबिंदू हलत नाही.

बॅटरी उतरली तर मात्र या जुळणीचा इलाज चालत नाही. पुरवठा ९ व्होल्ट झाला की विभाजकही त्याच प्रमाणात खाली येतो, आणि धारा ०.७ मिलिअँपिअरच्या आसपास घसरते.