पंचगंगेकाठची पुराची रात्र

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीत कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी एकत्र येतं आणि तिथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. गगनबावडा आणि राधानगरीच्या घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस या नद्यांतून खाली यायला काही तास लागतात. म्हणून गावात पाऊस उघडला तरी नदी चढत राहते. राधानगरी धरण काठोकाठ भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. सातही उघडले तर त्यांतून सुमारे दहा हजार क्युसेक पाणी नदीत येतं.

नदी किती चढली, हे कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. हे आकडे आता घरोघरी मोबाइलवर येतात, पण नुसत्या आकड्यापेक्षा चढण्याचा वेग महत्त्वाचा. समजा, रात्री दहाला पातळी 41 फूट आहे आणि पाणी तासाला तीन इंच चढतंय. मग धोका पातळी गाठायला आठ तास, म्हणजे सकाळचे सहा. पण वेग दुप्पट झाला तर तीच वेळ रात्री दोनवर येते, गाव गाढ झोपेत असताना. शिवाय बंधारा चिखलीच्या खालच्या अंगाला आहे. त्यामुळे जाणती माणसं पाण्याच्या कडेला काठी रोवून दर तासाला खूण बघतात.

अशा रात्री नदीकडच्या पहिल्या गल्लीतल्या घरात आधी गोठ्याचा विचार होतो. म्हैस पोहते, पण दाव्याला बांधलेली म्हैस खुंट्यापाशीच बुडते. म्हणून जनावरं संध्याकाळच्या उजेडातच उंचावर न्यावी लागतात. सोबत वैरण लागते आणि दूध देणारी जनावरं असतील तर धार काढायला माणूसही. हे सगळं अंधारात, गुडघाभर पाण्यातून जमत नाही. पूर ओसरेपर्यंत घराचा एक माणूस जनावरांजवळच राहतो.

गावाच्या मध्यावरचं घर जरा उंचावर असतं आणि तिथली अडचण निराळी. भिंतीवर 2005च्या पुराची खूण असते. पाणी तेव्हा उंबऱ्यापर्यंतच आलं होतं, आताही तिथेच थांबेल, असा हिशेब होतो. धान्याची पोती माळ्यावर चढवून माणसं घरातच थांबतात. 2019च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पातळी 55 फुटांच्या पुढे गेली आणि जुन्या खुणेवर विसंबलेली घरं अडकली. मागच्या पुराची खूण पुढच्या पुराची मर्यादा ठरत नाही, एवढं तरी त्या वर्षानं पक्कं शिकवलं.

मातीच्या भिंतींच्या घरात पाणी उंबरा ओलांडण्याआधीच भिंतीचा पाया ओल धरतो. भिंत फुगते, गिलावा सुटतो, भेगा पडतात. तेवढं दिसलं की त्या घरात झोपू नये. पुष्कळ भिंती पूर चढताना नव्हे, तर पाणी ओसरल्यावर बसतात. म्हणून पाणी गेल्याबरोबर घरात शिरणंही घातक.

शेजारच्या स्लॅबच्या दुमजली घरात मध्यरात्रीपर्यंत चार घरांची माणसं गोळा होतात. इथे बुडण्याची भीती कमी. पण वीज तोडलेली असते, मोबाइल बंद पडतात आणि चहूकडे पाणी असून प्यायला पाणी नसतं. म्हातारी, आजारी माणसं आणि दिवस भरत आलेली बाई अशा घरात अडकली, तर बोट येईपर्यंत काहीच करता येत नाही. म्हणूनच अशी माणसं जनावरांसोबतच, सगळ्यांच्या आधी हलवायची असतात.

इथे सगळ्यांत जास्त फसगत होते ती रस्त्याच्या बाबतीत. नदीकाठच्या बहुतेक गावांत पाणी आधी नदीकडून येत नाही. नदी फुगली की ओढ्याचं पाणी उलटं फिरतं, मागच्या शेतांत पसरतं आणि सखल भागातला रस्ता बुडवतं. घरं अजून कोरडी असतात, पण गावाचं बेट झालेलं असतं. निघायची वेळ म्हणून उंबऱ्यावरून नव्हे, रस्त्यावरच्या सर्वांत सखल जागेवरून ठरवायची. तिथे पाणी लागण्याआधी शेवटचं घर बाहेर पडलं पाहिजे.

1989च्या पुरानंतर चिखलीकरांना सोनतळीच्या माळावर पुनर्वसनासाठी जागा मिळाली. तरी शेती आणि गोठे नदीकडेच असल्यानं जुनं गाव पूर्ण सुटलं नाही. 2021च्या जुलैत पुन्हा महापूर आला, तेव्हा मात्र अनेक कुटुंबं पाणी गावात शिरण्याआधीच बाहेर पडली होती.